एकाला सांगितलेलं, सगळ्यांना दाखवलेलं

समजा, ठाण्यातली सव्वाशे फ्लॅटची एक सोसायटी आहे. मे महिन्यातल्या एका रात्री पावणेदहाला तिसऱ्या मजल्यावरचे एक रहिवासी सेक्रेटरींना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, "काका, तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय याची कल्पना आहे. फेब्रुवारीत नोकरी गेली, त्यातच आईचं डायलिसिस सुरू झालं. जूनअखेरपर्यंत सगळं भरतो. तेवढं सांभाळून घ्या."

सेक्रेटरी माणूस वाईट नाही. थकबाकीवरून सभासद महिनाभर त्यांच्या मागे लागलेले आहेत, प्रत्येक मीटिंगमध्ये "302 चं काय झालं?" हा प्रश्न येतोय. त्यांना वाटतं, एकदा कारण कळलं की लोक समजून घेतील. ते मेसेजचा स्क्रीनशॉट काढतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. वर एक ओळ लिहितात : "302 चं उत्तर आलंय. सर्वांच्या माहितीसाठी." दहा मिनिटांत कोणी हात जोडलेली इमोजी टाकतं, कोणी विचारतं, "मग दिवाळीत गाडी कशी घेतली?" सकाळी लिफ्टमध्ये शेजारीण आईच्या तब्येतीची चौकशी करते. आणि संध्याकाळी त्या रहिवाशांची नववीतली मुलगी खालून खेळून येते ती हे विचारतच, की बाबा, तुमची नोकरी गेलीय का? घरात तिला अजून सांगितलेलं नसतं.

हा प्रसंग कल्पित आहे, पण तो समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीच्या जागी शाळेचा पालक ग्रुप ठेवावा, ऑफिसची टीम ठेवावी, मामे-मावस भावंडांचा ग्रुप ठेवावा. प्रत्येकाला आपापला प्रसंग आठवेल. कोणाचं खासगी बोलणं चव्हाट्यावर आणायला पूर्वी निदान तोंड उघडावं लागायचं, आणि ऐकणाऱ्याला "असं तो खरंच म्हणाला का?" अशी शंका घ्यायला जागा असायची. आता फोनची दोन बटणं एकदम दाबली की झालं.

या दोन बटणांनी नेमकं काय उचललं जातं, ते आधी पाहायला हवं. स्क्रीनशॉट हे मेसेजचं चित्र नसतं, ते पूर्ण पडद्याचं चित्र असतं. वर समोरच्याचं नाव येतं, तेही काढणाऱ्याने आपल्या फोनमध्ये ज्या नावाने सेव्ह केलं असेल त्या नावाने. सेक्रेटरींनी नाव "302 थकबाकी" असं ठेवलं असेल, तर तेही सगळ्यांना दिसतं. शेजारी प्रोफाइल फोटो येतो, मेसेजची वेळ येते, निळी टिक येते. आधीच्या एखाद्या मेसेजला उत्तर दिलेलं असेल तर तो जुना मेसेजही छोट्या चौकटीत येतो, मग तो तिसऱ्याच विषयावरचा का असेना. खाली टाइप करून न पाठवलेलं अर्धं वाक्य असेल तर तेही येतं. डोळा मधल्या तीन ओळींवर असतो, त्यामुळे काढणाऱ्याला बाकीचं दिसतच नाही. ग्रुपमधल्या रिकाम्या वेळेच्या डोळ्यांना मात्र सगळं दिसतं.

ज्याचे शब्द उचलले, त्याला यातलं काहीही कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला सूचना जात नाही. 2018 च्या जुलैपासून पुढे ढकललेल्या मेसेजवर "फॉरवर्डेड" अशी खूण येते, पण ती फॉरवर्डचं बटण वापरलं तरच. स्क्रीनशॉट हा तर गॅलरीतला नवाकोरा फोटो असतो, त्यावर कसली खूण असणार? फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट यांत आणखीही एक फरक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेल्या मजकुरासोबत मूळ लिहिणाऱ्याचं नाव जात नाही, म्हणजे शब्द पुढे जातात आणि माणूस मागे राहतो. स्क्रीनशॉटमध्ये माणूस चेहऱ्यासकट पुढे जातो आणि त्याच्या शब्दांचा आगापीछा मागे राहतो. त्यामुळे दोन्हींत स्क्रीनशॉट अधिक दुखावणारा ठरतो.

ज्याला मेसेज आला तो त्या मेसेजचा मालक झाला का? हा वाद पत्रांच्या काळापासूनचा आहे. इंग्लंडमध्ये एडमंड कर्ल नावाच्या प्रकाशकाने कवी अलेक्झांडर पोप यांची खासगी पत्रं परवानगीशिवाय छापली, तेव्हा पोप न्यायालयात गेले. 1741 साली लॉर्ड हार्डविक यांनी असा निवाडा दिला, की पत्र मिळालेल्या माणसाची मालकी फार तर त्या कागदावर असते. त्यातला मजकूर जगाला छापून दाखवण्याची मुभा त्याला मिळत नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही पत्रातल्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. चॅटमधल्या दोन ओळींसाठी कोणी कॉपीराइटचा दावा लावायला जाणार नाही, पण विचार तोच आहे. सेक्रेटरींच्या फोनवर मेसेज आला म्हणून फोन त्यांचा. नोकरी, आई आणि विनवणी त्या रहिवाशांचीच.

आपल्याकडे हे कोणी कायद्याच्या पुस्तकातून शिकलं नव्हतं. पोस्टकार्ड वाड्यात चार हातांतून फिरलं तरी कोणाला गैर वाटत नसे, कारण लिहिणाऱ्याने ते उघडंच लिहिलेलं असायचं. चिकटवलेलं अंतर्देशीय पत्र मात्र ज्याचं त्यालाच दिलं जाई, आणि त्यातलं काय मोठ्याने वाचायचं ते तो ठरवी. म्हणजे पत्र कोणासाठी आहे हे लिहिणारा ठरवत असे आणि घरादाराला ते मान्य असे. ग्रुपवर लिहिलेला मेसेज हे आजचं पोस्टकार्ड आहे. एकाच माणसाला लिहिलेला मेसेज चिकटवलेला आहे, फक्त त्याचा डिंक दिसत नाही.

खासगीपणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक सँड्रा पेट्रोनिओ यांनी याचं फार उपयोगी वर्णन केलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार, आपण कोणाला काही खासगी सांगतो तेव्हा तो त्या माहितीचा सहमालक होतो. सहमालकाची जबाबदारी असते आणि नियम दोघांनी मिळून ठरवायचे असतात. अडचण अशी, की ते नियम बहुतेक वेळा कोणी बोलून ठरवतच नाही. रहिवासी गृहीत धरतात, की सेक्रेटरी फार तर कमिटीतल्या चौघांना सांगतील. सेक्रेटरी गृहीत धरतात, की थकबाकी हा सोसायटीचा विषय, म्हणून उत्तरही सोसायटीचंच. दोघांपैकी कोणीही खोटं वागत नसतं आणि तरीही एकाचा विश्वास मोडतो.

कायदा इथे कितपत मदतीला येतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तो निकाल मोठा होता, पण त्याच्या केंद्रस्थानी सरकार आणि नागरिक यांचं नातं होतं, शेजारी आणि शेजारी यांचं नव्हतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर स्पष्टच म्हटलं आहे, की एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळत असेल तर हा कायदा तिला लागू नाही. सोसायटी ही संस्था असल्याने तिच्याबाबत वेगळा युक्तिवाद होऊ शकेल, पण भावंडांचा किंवा मित्रांचा ग्रुप बहुतेक वेळा या सवलतीतच बसेल. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. तिथे एक गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते : "पण हे खरंच आहे ना" एवढं म्हणून सुटका होत नाही. जे सांगितलं ते खरं असावं लागतं आणि ते सांगणं सार्वजनिक हिताचंही असावं लागतं.

काही ठिकाणी मात्र कायदा अगदी नेमका बोलतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारीतला मजकूर आणि तक्रारदार स्त्रीची ओळख जाहीर करायला मनाई करतं. त्यामुळे अशा तक्रारीचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकणं हा नुसता असभ्यपणा राहत नाही. त्याच वर्षी दंड संहितेत स्त्रियांच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याविरुद्ध नवं कलम आलं, आता ते न्याय संहितेचं कलम 77 आहे. त्याला जोडलेलं एक स्पष्टीकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. त्याचा आशय असा : स्त्रीने चित्र काढू द्यायला संमती दिली असली, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिलेली नसली, तर ते पसरवणं हा गुन्हा आहे. एका गोष्टीची संमती ही दुसऱ्या गोष्टीची संमती होत नाही, हे इतक्या थेट शब्दांत क्वचितच लिहिलं गेलं असेल. कायद्याने ते छायाचित्रांपुरतं लिहिलं. थकलेल्या मेंटेनन्सचं, मोडलेल्या मैत्रीचं, रागात लिहिलेल्या चार ओळींचं काय, हे माणसांनीच आपापसांत ठरवायचं उरतं.

ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना बहुतेकांच्या मनात असतं, "मी माझ्या मनाचं काही सांगत नाही, हा बघा पुरावा." म्हणून तो पुरावा किती पक्का असतो हेही पाहिलं पाहिजे. चॅट बदलण्यासाठी फोटो एडिट करण्याचं कसब लागत नाही. "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तर तिथे मेसेज काढल्याची नोंद राहते. पण "डिलीट फॉर मी" केलं तर आपल्या फोनवर त्या मेसेजचा मागमूसही राहत नाही. म्हणजे आपण डिवचलेलं वाक्य आपल्यापुरतं पुसायचं, समोरच्याचं चिडलेलं उत्तर ठेवायचं आणि स्क्रीनशॉट काढायचा. चित्र अस्सल, संभाषण खोटं. नावाचंही तेच. कोणाचाही नंबर कोणत्याही नावाने सेव्ह करता येतो आणि स्क्रीनशॉटमध्ये तेच नाव झळकतं. ग्रुपमधल्या माणसाला नुसत्या चित्रावरून यातलं काही ओळखता येत नाही.

आणि अस्सल स्क्रीनशॉटही किती घोटाळा करू शकतो, हे दिल्लीत 2020 च्या मे महिन्यात दिसलं. इन्स्टाग्रामवरच्या "बॉइज लॉकर रूम" नावाच्या ग्रुपमध्ये शाळकरी मुलं मुलींबद्दल घाणेरडं बोलत असल्याचे स्क्रीनशॉट बाहेर आले आणि देशभर संताप उसळला. ते स्क्रीनशॉट खरे होते. पण त्यांच्यासोबत आणखी एक फिरू लागला, त्या सगळ्यांपेक्षा भयंकर : एका मुलीवर अत्याचार करण्याची योजना एक मुलगा दुसऱ्याला सुचवतो आहे. साऱ्यांनी तो त्याच ग्रुपमधला समजला. दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने तपास केला तेव्हा निघालं ते असं, की हे संभाषण त्या ग्रुपमधलं नव्हतंच, ते स्नॅपचॅटवरचं होतं. योजना सुचवणारा "मुलगा" प्रत्यक्षात एक मुलगी होती. समोरच्या मुलाचं मन कसं आहे हे पारखण्यासाठी तिने खोट्या नावाने स्वतःबद्दलच ते लिहिलं होतं. त्या मुलाने नकार दिला, संभाषण थांबवलं आणि मित्रमैत्रिणींना सावध करण्यासाठी स्क्रीनशॉट पाठवला. त्यांत ती मुलगीही होती. पुढे त्यांच्यातल्या कोणीतरी तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि तिथून तो त्या दुसऱ्या प्रकरणात मिसळला.

या साखळीतला जवळजवळ कोणीही वाईट हेतूने वागलेला नाही. मुलगा तर योग्यच वागला होता. पण चित्र एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेलं तेव्हा "मी नाही म्हणालो, सावध राहा" हा त्याचा संदर्भ गळून पडला. ज्याने अत्याचाराला नकार दिला, त्याचंच संभाषण अत्याचाराच्या कटाचा पुरावा म्हणून फिरलं. पहिल्या ढकलण्यात संदर्भ सांगायला माणूस सोबत असतो. दुसऱ्यात तो नसतो. ग्रुपवर टाकणं आणि एका मित्राला दाखवणं यांतला फरक इथे आहे. "याला काय उत्तर देऊ?" म्हणून एका जवळच्या मैत्रिणीला मेसेज वाचून दाखवला तर प्रश्न विचारता येतात, आवाज ऐकू येतो, विषय तिथेच संपतो. तेच दहाजणींच्या ग्रुपवर टाकलं तर दहा फोनच्या गॅलरीत ते जाऊन बसतं.

मग विचारायचं कसं? "टाकू का?" एवढं पुरत नाही, कारण समोरच्याला कळतच नाही की नेमकं काय आणि कुठे. संमती घ्यायची तर कोणता भाग, कोणत्या ग्रुपवर, नावासह की नावाशिवाय आणि कशासाठी, हे सांगावं लागतं. सेक्रेटरींना हे एका मेसेजात जमलं असतं : "तुमची अडचण समजली. सभासद विचारतात, म्हणून ग्रुपवर एवढंच लिहू का, की 302 ची थकबाकी जूनअखेर येईल? कारण लिहिणार नाही." बहुतेक माणसं याला लगेच हो म्हणतात, आणि कृतज्ञही राहतात. उत्तर आलं नाही तर तो नकारच धरायचा. निळी टिक म्हणजे वाचलं एवढंच. हो म्हटलं असं नव्हे. सगळ्यांसमोर ग्रुपवरच "टाकलं तर चालेल ना?" विचारणं ही तर संमती घेण्याची रीतच नव्हे, कारण तिथे नाही म्हणायला जागा उरत नाही.

या उदाहरणात एक रेघ ओढता येते आणि ती इतर ठिकाणीही कामी येते. थकबाकी किती, हा सोसायटीच्या हिशोबाचा भाग आहे. ती का राहिली, हा त्या घराचा. ग्रुपचं काम पहिल्या माहितीने पूर्ण होतं. आणि ती सांगायला स्क्रीनशॉट लागतच नाही, स्वतःच्या शब्दांतली एक ओळ पुरते. स्क्रीनशॉट काढायच्या आधी "हे मला माझ्या शब्दांत सांगता येईल का?" असं स्वतःला विचारलं, तर निम्म्याहून अधिक वेळा उत्तर हो येतं. त्यात लिहिणाराही आपल्या शब्दांची जबाबदारी घेतो, दुसऱ्याच्या शब्दांमागे उभा राहत नाही.

संमतीने स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नाव-नंबर झाकताना अर्धवट झाकू नये. फोनमधला हायलायटर पारदर्शक असतो. त्याने चार रेघा मारून काळं दिसलं, तरी चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येऊ शकतात. भरीव काळ्या रंगाची चौकट किंवा सरळ कापून टाकणं बरं. कापण्यातही एकदा दगा झाला होता : गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या एडिटरने कापलेल्या चित्राचा उरलेला भाग फाइलमध्येच राहत असल्याचं 2023 च्या मार्चमध्ये उघड झालं. तो दोष नंतर दुरुस्त झाला. पण नाव पक्कं झाकलं तरी लहान ग्रुपमध्ये माणूस लपत नाही. "आईचं डायलिसिस" एवढ्यावर अख्खी विंग ओळखते. कोणाची वाक्य संपवायची तऱ्हा, कोणाची ठरावीक इमोजी हीच सही असते. दोनशे अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये नाव झाकणं पुरेल. वीस नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये ते झाकल्यासारखं करणं आहे.

मराठी घरांत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे येतो तो लग्न जुळवताना. बायोडेटा फॉरवर्ड होतो, कारण तो पाठवणाऱ्याने फिरण्यासाठीच दिलेला असतो; तरी त्यातला मोबाइल नंबर आणि पगार किती हातांत जावा, हे एकदा विचारलेलं चांगलं. मुलगा-मुलगी एकमेकांशी जे चॅट करतात, ते मात्र फिरण्यासाठी नसतं. "तो काय म्हणाला दाखव ना" म्हणून मावशी-आत्यांच्या ग्रुपवर गेलेले ते स्क्रीनशॉट बोलणी फिसकटली की हत्यार होतात : बघा, अशी भाषा, बघा, असल्या अपेक्षा. स्थळ कसं वाटलं हे मुलीने किंवा मुलाने घरी सांगावं, मोकळेपणाने सांगावं. समोरच्याने रात्री अकराला विश्वासाने लिहिलेले परिच्छेद दाखवायची त्यासाठी गरज पडत नाही.

प्रत्येक वेळी परवानगी मागायची, असं मात्र म्हणता येणार नाही. धमकी देणाऱ्याची, छळणाऱ्याची, पैसे उकळणाऱ्याची संमती कोणी का घ्यावी? असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट जरूर काढावा. फक्त तो जायला हवा तो ग्रुपवर नव्हे, जिथे काही होऊ शकतं तिथे : ऑनलाइन फसवणूक असेल तर 1930 या हेल्पलाइनवर आणि cybercrime.gov.in वर, ऑफिसात असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे, मुलांचा प्रश्न असेल तर 1098 वर. मूळ चॅट पुसू नये आणि फोन जपावा. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या 14 जुलै 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नुसती प्रत दिली तर सोबत ठरलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केलं तर ते लागत नाही. ग्रुपवर आधी गाजलेला स्क्रीनशॉट या कामात मदत करत नाही. उलट समोरच्याला सावध करतो आणि कधी बदनामीची उलट तक्रार ओढवून घेतो.

सार्वजनिक हितासाठी खासगी संभाषण उघड करावं लागतं तेव्हाही ते तोलून करता येतं. 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडून "द अटलांटिक" मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग सिग्नलवरच्या एका ग्रुपमध्ये चुकून सामील झाले. त्या ग्रुपमध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चालू होती. गोल्डबर्ग यांनी 24 मार्चच्या लेखात प्रकार सांगितला, पण हल्ल्याचा तपशील छापला नाही. त्यात गोपनीय काहीच नव्हतं असं सरकार म्हणू लागलं, तेव्हा मासिकाने संबंधित खात्यांना छापायला हरकत आहे का असं विचारलं आणि 26 मार्चला मेसेज प्रसिद्ध केले. तरीही सीआयएच्या एका अधिकाऱ्याचं नाव त्या संस्थेच्या विनंतीवरून झाकलं. जगाच्या बातमीसाठी इतकं विचारलं जातं, तर सोसायटीच्या ग्रुपसाठी एकदा विचारणं जड नाही.

सेटिंग्जवर फार विसंबू नये. एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप अडवतं, पण दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढता येतो. आपोआप पुसले जाणारे मेसेज 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी जातात. तोवर काढलेलं चित्र जात नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये चॅटच्या जादा खासगीपणाची नवी सोय आली. तिने पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करणं आणि फोटो आपोआप डाउनलोड होणं थांबतं, साध्या चॅटचा स्क्रीनशॉट थांबत नाही. तेव्हा अवघड काही सांगायचं असेल तर सुरुवातीलाच "हे आपल्या दोघांतच ठेवा" एवढं लिहिणं, किंवा सरळ फोन करणं, जास्त कामाचं.

अ‍ॅडमिनचीही यात भूमिका आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात दिला. 2022 पासून मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला इतरांचे मेसेज ग्रुपमधून काढता येतात. कायद्याने बांधलेलं नसलं तरी हात आता मोकळा आहे, आणि असा स्क्रीनशॉट दिसल्यावर तो हात लगेच चालवायला हवा.

चूक होऊन गेली तर काय करायचं? टाकणाऱ्याला "डिलीट फॉर एव्हरीवन" साठी दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, पण खरा उपयोग पहिल्या काही मिनिटांतच असतो. मग ज्याचे शब्द होते त्याला स्वतः सांगायचं, दुसऱ्याकडून कळण्याआधी. "गैरसमज झाला असल्यास क्षमस्व" असं नाही; "तुमचा मेसेज मी न विचारता ग्रुपवर टाकला, ते चुकलं, आता काढलाय, इतक्या जणांनी पाहिलाय" असं, पाहिलेल्यांच्या आकड्यासह. तो आकडा मेसेज काढण्याआधीच पाहून ठेवावा. ग्रुपमध्ये आपल्या मेसेजची माहिती उघडली की किती जणांनी वाचलं ते दिसतं. शेवटी ग्रुपवर एक ओळ : फोटो कोणाच्या गॅलरीत आला असेल तर काढून टाका, आणि या विषयावर त्यांना काही विचारू नका.

ठाण्याच्या सोसायटीतल्या सेक्रेटरींनी एवढं केलं, रात्रीच तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली, तर बरंच काही सावरेल. पुढच्या मीटिंगमध्ये गाडीचा विषय निघणार नाही, लिफ्टमधल्या चौकश्या थांबतील, मेंटेनन्स जूनअखेर येईलही. नोकरीचं मुलीला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मात्र तिच्या बाबांना ठरवायचं होतं. ते त्यांनी ठरवायच्या आधीच तिला खाली, खेळता खेळता, कळून गेलेलं आहे.